मिरवणुकीत बोलायचे कसे : फोनवरील वॉकी-टॉकी अ‍ॅप मंडळाच्या स्वयंसेवकांसाठी बसवण्याची रीत

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी ठाण्यात नौपाड्यातून तलावपाळीकडे निघालेली मिरवणूक पहिल्या चौकातच लांबते. सर्वांत पुढचा कार्यकर्ता बंदोबस्तावरच्या पोलिसांशी बोलत असतो, त्याच्या मागे ढोल-ताशा पथक असते, पथकाच्या मागे मूर्तीची ट्रॉली असते आणि दोर धरून गर्दी आवरणारी मुले त्याहूनही मागे असतात. पुढच्याला मागचे दिसत नाही आणि मागच्याला पुढे वाट का अडली ते कळत नाही. फोन लावला तर ढोलांच्या आवाजात घंटी ऐकू येत नाही, आणि गटावर व्हॉइस नोट टाकली तर ती कोणी उघडेपर्यंत ट्रॉली पुढच्या वळणावर गेलेली असते. आमच्या मंडळाने या अडचणीवर फोनमधील ‘दाबा आणि बोला’ प्रकारची अ‍ॅप वापरून पाहिली. त्यात आधी जे चुकले आणि नंतर जे जमले, त्यावरून हा लेख लिहिला आहे.

एक शब्द अंगठ्यापासून कानापर्यंत कसा जातो

या प्रकारातील सर्वांत परिचित अ‍ॅप झेलो हे आहे. व्हॉक्सर हेही बरेच जुने आहे, आणि मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये कर्मचाऱ्यांसाठी अशीच सोय आहे. सर्वांची मूळ कल्पना खऱ्या वॉकी-टॉकीची आहे, ती म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. फरक इतकाच की खरा वॉकी-टॉकी संच आवाज थेट दुसऱ्या संचाकडे रेडिओलहरींवर पाठवतो, तर अ‍ॅप तो आधी मोबाइल डेटा किंवा वाय-फायवरून कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवते आणि सर्व्हर त्याची एकेक प्रत प्रत्येक ऐकणाऱ्याकडे धाडतो. दोन स्वयंसेवक एकमेकांपासून दहा फुटांवर उभे असले, तरी त्यांचा शब्द टॉवर आणि सर्व्हर गाठूनच परत येतो.

तुम्ही बटण दाबता तेव्हा अ‍ॅप प्रथम सर्व्हरकडे बोलण्याची पाळी मागते. दुसरे कोणी बोलत नसेल तर पाळी मिळते, फोन छोटासा सूर वाजवतो आणि त्यानंतरच तुमचा आवाज पुढे जाऊ लागतो. हा आवाज सलग जात नाही, त्याचे तुकडे केले जातात. झेलो ओपस या पद्धतीने आवाज आटवते. २०१२ मध्ये प्रमाणित झालेली ही पद्धत सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत कोणत्याही दराने चालते आणि माणसाच्या बोलण्यासाठी त्यातील खालचा भाग पुरतो. झेलोने प्रोग्रामरांसाठी दिलेल्या माहितीत ६० मिलिसेकंदांच्या तुकड्यांचे उदाहरण आहे, म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्याची सोळा-सतरा पॅकेटे होतात. १६ किलोबिटचा दर धरला तर एका सेकंदाचा आवाज २ किलोबाइट होतो, आणि पॅकेटांवरचे पत्ते वगैरे मिळवून तासभर अखंड बोलले तरी नऊ-दहा मेगाबाइटच्या आसपासच खर्च होतो. मिरवणुकीत कोणीही तासभर अखंड बोलत नाही, त्यामुळे डेटा संपेल ही काळजी निराधार आहे.

व्हॉइस नोट आणि ही अ‍ॅप यांच्यातला खरा भेद येथे लक्षात येतो. व्हॉइस नोट पूर्ण बोलून झाल्यावर निघते आणि समोरच्याने उघडल्यावर वाजते. येथे मात्र तुमच्या वाक्याचा शेवट तोंडातून निघण्याआधीच त्याची सुरुवात समोरच्याच्या कानात आपोआप वाजू लागलेली असते. तरीही ते ‘तत्क्षणी’ नसते. पाळी मागण्याचा वेळ, निजलेल्या फोनचा रेडिओ जागा होण्याचा वेळ, आणि उशिरा-लवकर पोहोचणारी पॅकेटे सलग वाजावीत म्हणून ऐकणारा फोन मुद्दाम साठवून ठेवतो तो अंश, हे सगळे मिळून अर्धा ते दीड सेकंद सहज जातो. टॉवरवर ताण असेल तर हा उशीर तीन-चार सेकंदांवरही जातो.

कोणाला उपयोगी, कोणाला नाही

हे समजले की कोणते गट ही अ‍ॅप वापरतात आणि का वापरतात ते आपोआप उलगडते. टॅक्सी आणि ट्रक चालवणारे ती वापरतात, कारण त्यांना पडद्याकडे पाहून टंकता येत नाही. हॉटेलांत, बांधकामांवर आणि मोठ्या संकुलांच्या सुरक्षारक्षकांत ती वापरली जातात, कारण तेथे एकाच वेळी अनेकांना एकच छोटी सूचना द्यायची असते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी चक्रीवादळाने ह्यूस्टन शहर बुडवले, तेव्हा स्वतःच्या होड्या घेऊन निघालेल्या स्वयंसेवकांनी झेलोवर चॅनेल उघडून कोणत्या घरी कोणी जायचे ते ठरवले. पुढच्याच महिन्यात इर्मा वादळाच्या वेळी मात्र हे अ‍ॅप इंटरनेटविना चालते अशी अफवा पसरली आणि ती खोटी असल्याचा खुलासा कंपनीला करावा लागला. ती समजूत आपल्याकडेही अधूनमधून ऐकू येते, म्हणून स्पष्टच लिहितो की टॉवर किंवा वाय-फाय नसेल तर ही अ‍ॅप मुकी होतात. पाम बीच रोडवर सायकली चालवणाऱ्या गटाला ती उत्तम आहेत, पण येऊरच्या रानात आत शिरणाऱ्या गटाने त्यांच्यावर विसंबू नये.

मग खरे वॉकी-टॉकी संचच का घेऊ नयेत, असाही प्रश्न मंडळाच्या बैठकीत हमखास येतो. भारतात असे संच वापरण्यास सामान्यतः परवाना लागतो. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना त्यातून सूट आहे, पण ऑनलाइन दिसणारा प्रत्येक स्वस्त संच त्या पट्ट्यातलाच असतो असे नाही. अ‍ॅप साध्या मोबाइल जोडणीवर चालत असल्याने तिला वेगळा बिनतारी परवाना लागत नाही. सहा-सात सूटप्राप्त संच आणि बाकी अ‍ॅप असा मेळ परवडत असेल तर तो सर्वांत चांगला, असे माझे मत आहे.

पहिली पायरी : बोलणारे कमी, ऐकणारे जास्त

आमच्याकडे चोवीस स्वयंसेवक होते आणि पहिल्या वर्षी आम्ही सर्वांना एकाच चॅनेलवर बोलण्याची मुभा दिली. ती चूक होती. एका वेळी एकालाच पाळी मिळत असल्यामुळे “पाण्याच्या बाटल्या कुठे आहेत” असे विचारणारा मुलगा आठ सेकंद बोलत राहिला की तेवढा वेळ ट्रॉलीवाल्याला बोलताच येत नाही. बटण दाबले तर ‘व्यस्त’ असल्याचा सूर येतो, मग तो पुन्हा दाबतो, आणि तेवढ्यात तिसरा कोणी पाळी घेतो.

दुसऱ्या वर्षी आम्ही बोलण्याच्या जागाच ठरवल्या. पुढचा, पथक, ट्रॉली, दोर, शेपूट आणि तलाव अशा सहा जागा आणि प्रत्येक जागेचा एकच बोलणारा. बाकीच्या अठरा जणांनी फक्त ऐकायचे आणि काही सांगायचे असेल तर आपल्या जागेच्या माणसाला प्रत्यक्ष सांगायचे. पाणी, नाश्ता, टेम्पो असल्या कामांसाठी दुसरे चॅनेल उघडले. खात्याचे दिसणारे नावही माणसाचे न ठेवता जागेचे ठेवले, कारण पडद्यावर ‘ट्रॉली’ असे उमटले की कोण बोलतो आहे हे विचारावे लागत नाही, आणि मध्येच माणूस बदलला तरी नाव बदलावे लागत नाही.

चॅनेलला पासवर्ड लावावा आणि तो गटावर न टाकता तोंडी सांगावा. बाहेरच्या कोणी येऊन गाणे लावले तर त्याला काढता यावे म्हणून किमान दोघांना मॉडरेटरचे अधिकार द्यावेत. एकालाच दिले तर नेमका त्याचाच फोन बंद पडतो. पासवर्ड दुसऱ्या कोणत्याही खात्याचा वापरू नये.

दुसरी पायरी : फोनला झोपू न देणे

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ येथेच असते. “मला काहीच ऐकू आलं नाही” असे म्हणणाऱ्याचा फोन बहुतेक वेळा खिशात गेल्यावर झोपलेला असतो. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून, पडदा बंद करून हलवाहलव न करता ठेवलेला फोन पार्श्वभूमीतील अ‍ॅपचे नेटवर्क आवळतो, आणि त्यावर अनेक फोन आपली स्वतःची बॅटरी वाचवण्याची व्यवस्था चढवतात, जी अ‍ॅपला सरळ बंदच करून टाकते. सर्व्हरशी असलेली जोडणी तुटली की आवाज येणार कोठून?

म्हणून प्रत्येक अँड्रॉइड फोनवर अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरीचा पर्याय Unrestricted करावा, Data Saver चालू असेल तर त्यातून अ‍ॅपला सूट द्यावी, मायक्रोफोन आणि सूचना यांच्या परवानग्या द्याव्यात, आणि फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ नावाची सोय असेल तर ती अ‍ॅपसाठी उघडावी. नावे फोनागणिक थोडी बदलतात. अ‍ॅप चालू असल्याची जी सूचना वर कायम दिसते ती काढून टाकू नये, कारण अ‍ॅप जागे असल्याची खूण तीच असते. आयफोनवर २०२२ च्या आयओएस १६ पासून या प्रकारच्या अ‍ॅपसाठी खास सोय आली असून तिचा वापर करणारे अ‍ॅप पार्श्वभूमीत असतानाही आवाज वाजवू शकते. तेथेही अ‍ॅप अद्ययावत आहे ना हे पाहावे आणि अलीकडच्या अ‍ॅपच्या यादीतून ते वर सरकवून फेकून देण्याची सवय त्या दिवसापुरती सोडावी.

तपासणीची रीत सोपी आहे. सर्व फोनांचे पडदे बंद करून ते टेबलावर ठेवावेत, वीस मिनिटे कोणीही हात लावू नये, आणि मग बाहेर जाऊन एकाने “तपासणी” एवढेच बोलावे. जो फोन बोलला नाही त्याच्या सेटिंग पुन्हा पाहाव्यात. पाच मिनिटांची तपासणी फसवी असते, कारण फोन तेवढ्यात झोपत नाहीत. आमचे पहिल्या खेपेला चोवीसपैकी सात फोन मुके निघाले.

तिसरी पायरी : कान आणि तोंड

ढोल-ताशाजवळ फोनच्या स्पीकरचा काही उपयोग नाही. साधे वायरचे इअरफोन, ज्यांच्या वायरवर छोटा माइक असतो, तेच सर्वांत खात्रीचे. इअरफोनचे एक टोक कानात, दुसरे मोकळे सोडायचे, आणि बोलताना वायरवरचा माइक ओठांपासून दोन बोटांवर धरून पथकाकडे पाठ करायची. ओरडल्याने आवाज फाटतो, म्हणून नेहमीच्या आवाजातच बोलावे.

ब्लूटूथ इअरफोन आणणाऱ्यांना मी विनंतीपूर्वक परत पाठवतो. ते ऐकण्यासाठी एका प्रकारच्या जोडणीवर असतात आणि बोलू लागताच दुसऱ्या प्रकारच्या जोडणीवर जातात, आणि या अदलाबदलीत सेकंदभर जाऊ शकतो. बोलणाऱ्याला वाटते आपण “ट्रॉली थांबा” म्हणालो, पण ऐकणाऱ्याकडे “थांबा” एवढेच पोहोचते, आणि मग सगळेच थांबतात.

दोन फोन जवळजवळ असतील तर त्यातील एकाचा तरी स्पीकर बंद हवा. नाहीतर तुमचे वाक्य शेजारच्या फोनमधून उशिराने वाजते, तुमचा माइक ते पुन्हा उचलतो आणि ऐकणाऱ्यांना सगळे दोनदा ऐकू येते.

चौथी पायरी : मराठीतला ‘नका’

तालमीच्या दिवशी घंटाळीजवळ आम्ही रिकामी ट्रॉली घेऊन सराव करत होतो. पुढच्या काकांनी वळणावर एक गाडी उभी पाहिली आणि म्हणाले, “ट्रॉली पुढे घेऊ नका.” बोलता बोलता त्यांचा अंगठा किंचित आधी सुटला. ट्रॉलीजवळच्या मुलाला ऐकू आले, “ट्रॉली पुढे घेऊ...” त्याला ते विचारल्यासारखे वाटले, तो “हो काका, घ्या” म्हणाला आणि ट्रॉली हलवली. गाडी दोन हात दूर राहिली. सराव होता, म्हणून हसण्यावारी गेले.

पण त्या संध्याकाळी आम्हाला कळले की दोष एकट्या अंगठ्याचा नव्हता. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि या अ‍ॅपवर सर्वांत आधी बळी जातो तो शेवटचाच शब्द, कारण वाक्य संपत आले की माणूस बटण सोडतोच. त्यामुळे आम्ही ‘नका’, ‘नको’ आणि ‘नाही’ हे शब्द चॅनेलवरून काढून टाकले. ‘पुढे घेऊ नका’ याऐवजी ‘थांबा’, ‘दोर सोडू नका’ याऐवजी ‘दोर घट्ट’, ‘अजून आणू नका’ याऐवजी ‘तिथेच राहा’. प्रत्येक आदेश होकारी आणि प्रत्येक महत्त्वाचा शब्द दोनदा.

त्याबरोबर बोलण्याचा एक साचा ठरला. बटण दाबायचे, सूर ऐकायचा, मनात ‘एक’ म्हणायचे, मग ज्याला बोलवायचे त्याचे नाव दोनदा, मग आपले नाव, मग एकच गोष्ट, मग मनात पुन्हा ‘एक’ म्हणून बटण सोडायचे. ऐकणाऱ्याने आदेश उलट उच्चारायचा. प्रत्यक्षात ते असे होते :

“ट्रॉली, ट्रॉली, पुढचा बोलतोय. थांबा, थांबा.”

“पुढचा, ट्रॉली बोलतोय. थांबलो.”

केवळ “ओके” किंवा “हो दादा” म्हणणे आम्ही बंद केले, कारण कोणी कशाला हो म्हटले ते उशिराच्या गोंधळात कळत नाही. वाक्य सहा-सात सेकंदांच्या आत ठेवावे. झेलोवर एका वेळी बोलण्याला मर्यादा असते, पण तिच्यापर्यंत पोहोचणारा माणूस बोलणारा म्हणून निवडलाच जाऊ नये.

पाचवी पायरी : खऱ्या गर्दीत तालीम

रिकाम्या रस्त्यावरची तालीम फोन तपासते, पण नेटवर्क तपासत नाही. तलावपाळीला हजारो लोक एकाच वेळी व्हिडिओ चढवत असतात तेव्हा टॉवरकडे जाणारी वाट, म्हणजे फोनकडून वर जाणारी बाजू, आधी तुंबते. त्यामुळे होते असे की तुम्हाला इतरांचे ऐकू येते, पण तुमचे कोणाला पोहोचत नाही.

ठाण्यात याची चाचणी घेण्याची आयती संधी असते. दीड दिवसाच्या आणि गौरी-गणपतींच्या विसर्जनाच्या संध्याकाळी तिघा-चौघांनी तलावाशी जाऊन उभे राहावे. एकाने हात खाली करतानाच “आता” म्हणावे, दुसऱ्याने समोरून हात पाहून कानात “आता” येईपर्यंत सेकंद मोजावेत. वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असलेल्या फोनांवर हे पाच-पाच वेळा करून कागदावर लिहावे. आमच्या मोजणीत एका कंपनीच्या फोनवर उशीर सेकंदाच्या आसपास राहिला आणि दुसऱ्या कंपनीच्या फोनवर पाळीचा सूरच कित्येकदा आला नाही. पुढच्या वर्षी टॉवर, गर्दी आणि जागा बदलली की हा निकालही बदलतो, म्हणून मोजणी दरवर्षी करावी. दोन सिमचे फोन असतील तर त्या दिवशी डेटा कोणत्या सिमवर ठेवायचा ते या कागदावरून ठरवावे, आणि सहाही बोलणारे एकाच कंपनीवर येणार नाहीत हे पाहावे.

नेटवर्क ढासळते आहे हे प्रत्यक्ष दिवशी तीन खुणांवरून कळते. बटण दाबल्यावर सूर यायला वेळ लागतो, आवाज डब्यातून आल्यासारखा तुटक येतो, आणि सर्वांत घातक म्हणजे जुने वाक्य आता वाजते. चाळीस सेकंदांपूर्वी म्हटलेले “चला, चला” आत्ता कानात आले तर काय होईल, याचा विचार करावा. म्हणून उलट उच्चार आला नाही तर आदेश पोहोचला नाही असेच धरायचे, आणि दोनदा उत्तर आले नाही तर धावणारा मुलगा पाठवायचा. त्यासाठी दोन चपळ मुले मोकळी ठेवलेली असावीत.

ज्या कामासाठी हे अ‍ॅप वापरू नये

ट्रॉली माणसाच्या चालीने, म्हणजे सेकंदाला साधारण एक मीटर सरकते असे धरा. दीड सेकंदाचा उशीर आणि ऐकणाऱ्याला हात उचलायला लागणारा सेकंदभर मिळून ती अडीच मीटर पुढे जाते. समोर मूल पडले असेल तर अडीच मीटर फार होतात. म्हणून तातडीचे थांबणे आम्ही अ‍ॅपवर ठेवलेलेच नाही. ट्रॉलीच्या दोन्ही पुढच्या कोपऱ्यांवर शिट्टी गळ्यात असलेली दोन माणसे असतात आणि एक लांब शिट्टी म्हणजे जागच्या जागी थांबणे. तलावाच्या कडेला मूर्ती उतरवतानाही आदेश एकाच माणसाच्या तोंडी आवाजावर चालतात आणि त्या पंधरा मिनिटांत अ‍ॅपवर फक्त ‘तलाव’ बोलतो.

मूल हरवल्याची वार्ता चॅनेलवर द्यावी, पण ती कपड्यांच्या रंगाने आणि वयाने द्यावी. पालकांचा फोन क्रमांक तेथे बोलू नये, कारण ही अ‍ॅप बोललेले जपून ठेवतात आणि कोणीही ते पुन्हा वाजवू शकते. पोलिसांच्या आणि महापालिकेच्या माणसांशी मात्र प्रत्यक्ष बोलावे. त्यांना आपल्या चॅनेलवर आणण्याचा आग्रह धरू नये.

बॅटरीचे म्हणाल तर सहा तास जागे राहणारे अ‍ॅप आणि तुंबलेल्या टॉवरशी झगडणारा रेडिओ मिळून फोन नेहमीपेक्षा लवकर रिकामा करतात. बोलणाऱ्या सहा जणांना पॉवर बँक आणि आखूड केबल द्यावी आणि पावसासाठी फोन पारदर्शक पिशवीत ठेवावा, पण वायरचा माइक पिशवीबाहेर राहील असे पाहावे. पिशवीत गेलेल्या माइकमधून येणारा खसखस आवाज आम्ही एका वर्षी अर्धा तास नेटवर्कचा दोष समजून शोधत बसलो होतो.

विसर्जनानंतर मॉडरेटरने चॅनेलचा पासवर्ड बदलावा, आणि प्रत्येकाने अ‍ॅपची बॅटरीची सूट काढून घ्यावी, म्हणजे पुढचे अकरा महिने फोन विनाकारण तापणार नाही.